बारा तोळे आणि पाच लॉट

नवी पेठेतल्या शिवानंद यांच्या शेअर-दलालीच्या कार्यालयात एक विचित्र रीत होती. गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसलेलं असलं, तरी त्याला सौदा तोंडी सांगता येत नसे. त्यानं आपल्या खिशातला मोबाईल काढायचा, तीन हातांवर बसलेल्या बुद्धप्रियेला फोन लावायचा आणि तिच्याकडं बघत बघत फोनवर सांगायचं, "अमुक इतके विका." बुद्धप्रियेनंही त्याच्याकडं बघत फोनवरच विचारायचं, "नक्की विकू का काका?" हे सगळं रेकॉर्ड होई. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक तोटा झाल्यावर "मी असं बोललोच न्हवतो" म्हणून उलटलं होतं. तेव्हापासून शिवानंदनी नियमच केला: खात्यावर जो नंबर नोंदलेला, त्याच नंबरावरून आवाज आला तर सौदा. नाहीतर चहा प्या, पेपर वाचा, आणि घरी जा.

एप्रिलमधल्या त्या सोमवारी नऊ वाजून सोळा मिनिटांनी ही रीत यशवंतरावांच्या मुळावर आली.

यशवंतराव एसटीच्या भांडार विभागातून निवृत्त झालेले. तीस वर्षं नट-बोल्टांचा हिशेब ठेवला, एक वायसर कधी कमी भरला नाही. निवृत्तीनंतर मात्र त्यांना साक्षात्कार झाला होता की आपली अक्कल वायसरवर वाया गेली. रोज नऊ वाजता इस्त्रीचा सदरा घालून ते शिवानंदकडं येत, पंख्याखालची खुर्ची धरत आणि निफ्टीच्या वायद्यात, म्हणजे 'फ्युचर'मध्ये, खेळत. मार्चअखेर त्यांनी पाच लॉट घेऊन ठेवले होते. बाजार वर जाणार, ही त्यांची खात्री. पाच लॉट म्हणजे निफ्टी एक अंक हलला की तीनशे पंच्याहत्तर रुपये, वर गेला तर त्यांचे, खाली गेला तर त्यांच्याकडून.

अमेरिकेनं साऱ्या जगाच्या मालावर जकात बसवली, आणि सोमवारी निफ्टी उघडला तोच जवळजवळ अकराशे अंकांनी खाली.

पडदा लालभडक झाला. पंख्याखाली बसूनही यशवंतरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, तो पटला नाही, म्हणून पाठीमागच्या कॅलेंडरवर पेनानं केला. चार लाख बारा हजार पाचशे.

"काका," बुद्धप्रिया म्हणाली, "तुमच्या खात्यात रोख एक लाख चाळीस हजार आहेत. वरचे पावणेतीन लाख कमी पडतायत. मुंबईच्या हेड ऑफिसमधून रिस्कवाल्यांचा फोन आला होता. साडेदहापर्यंत पैसे भरायचे, नाहीतर ते स्वतः लॉट कापणार, म्हणजे मिळेल त्या भावानं विकून टाकणार."

बुद्धप्रिया सर्वगोड बी.कॉम. झालेली, कार्यालयातली डीलर. सौदे तीच टाके. तिचा आवाज कधी चढत नसे. वाईट बातमी ती दुधाचा भाव सांगावा तशी सांगे. त्यामुळं ती बातमी जास्तच वाईट वाटे.

"कशाचे पैसे?" यशवंतराव म्हणाले. "बारा तोळं सोनं तारण हाय की माझं! दहा लाखाच्या वर किंमत हाय. पतपेढीत सोनं ठिवलं की कोण रोज उठून पैसे मागतंय का? व्याज द्यायचं, सोनं पडून ऱ्हातंय."

"ही पतपेढी नाही काका. मी तुम्हाला गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

"तू लई काय काय सांगतीस."

आतल्या केबिनमधून शिवानंद बाहेर आले. अक्कलकोटकडचा माणूस, रागावला की कानडीत आणि घाबरला की गप्प. आज ते अर्धवट गप्प होते.

"यशवंतराव, बसा. एकदाच सांगतो," ते म्हणाले. "तुमचं सोनं म्हणजे डिमॅटमधले गोल्ड ईटीएफचे युनिट, कागदावरचं सोनं. ते तारण ठेवल्यावर शंभराला नव्वद धरतात, आणि ते कशासाठी? सौदा उभा करायच्या मार्जिनसाठी, म्हणजे अनामतीसाठी. रोजचा जो तोटा होतो, तो त्या नव्वदातनं वळता होत नाही. तो रोख लागतो. समोर ज्यानं कमावलं, त्याला संध्याकाळी पैसे द्यायचे असतात. त्याला काय तुमचे युनिट फोडून देऊ?"

"मग शेअर विका. माझ्याकडं ते इथेनॉलवालं हाय."

बुद्धप्रियेनं पडदा त्यांच्याकडं फिरवला. इथेनॉलवाल्या कंपनीला खालचं सर्किट लागलं होतं. विकणारे चार लाख शेअर घेऊन रांगेत, घेणारा एकही नाही.

"विकायला टाकते," ती म्हणाली. "पण घेणार कोण?"

यशवंतरावांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात सोन्याच्या भावावर गेली आणि ते दचकले. चारच दिवसांपूर्वी तोळ्याला एक्क्याण्णव हजारांच्या वर असलेलं सोनं सत्त्याऐंशीवर आलं होतं.

"हे काय! सगळं जग घाबरलंय, आणि सोनं पडतंय? घबराट झाली की सोनं वाढतंय म्हनतात न्हवं?"

"वाढतंय की. पण आधी पडतंय," शिवानंद म्हणाले. "आज न्यूयॉर्कपासून नवी पेठेपर्यंत तुमच्यासारखी किती माणसं बसली असतील, सांगा. सगळ्यांना आज सकाळीच रोख पाहिजे. मोठमोठे फंड आहेत, त्यांनाही असाच फोन गेलाय. शेअर विकावेत तर गिऱ्हाईक नाही, आणि जे आहे ते निम्म्या भावानं मागतंय. सोन्याला मात्र कुठंही, केव्हाही घेणारा मिळतो, आणि बहुतेकांना त्यात नफाच असतो. मग विकायचं काय? ज्याचे पैसे होतात ते. सगळ्यांनी एकदम तेच विकलं की भाव पडणारच."

"म्हंजे सोन्यात खोट न्हाय?"

"सोन्यात नाही. खोट तुमच्या पाच लॉटमध्ये आहे."

यशवंतराव पाणी प्यायले. मग त्यांच्या डोळ्यांत वायसरवाली जुनी चमक आली. "ठरलं. सगळं सोनं विका. बारा तोळ्याचे दहा लाख चाळीस हजार येतील. लॉट कापायचे न्हाईत. बाजार चार दिवसांत वर येतोय का न्हाय बगा."

"फोन लावा," बुद्धप्रिया म्हणाली.

यशवंतरावांनी खिशात हात घातला, आणि हात तसाच राहिला.

त्यांच्या मोबाईलचं रिचार्ज कधी टिकत नसे. म्हणून खातं उघडताना त्यांनी घरातला चालू नंबर दिला होता. तो नंबर येसूबाईंचा. एरवी सौद्याच्या दिवशी ते काहीतरी निमित्त सांगून तो फोन मागून आणत; आज नुसतेच बघायला आले होते.

आणि सोनंही, खरं सांगायचं तर, येसूबाईंचंच.

विजापूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये येसूबाई ज्वारीच्या कडक भाकऱ्या करत. चार बायका हाताखाली, दिवसाला सहाशे भाकरी, पुण्या-मुंबईला माल जाई. एका भाकरीमागं सगळं वजा जाता दोन रुपये सुटत. गेली चौदा वर्षं दर गुरुपुष्याला त्या सुटलेल्या पैशांतून दोन-तीन ग्रॅम सोनं घेत. पूर्वी दागिना घेत. पण शेजारी चोरी झाल्यावर यशवंतरावांनीच सुचवलं, की दागिने मोडून सगळं डिमॅटमध्ये घे, चोराला दिसत नाही. खातं यशवंतरावांच्या नावावर उघडलं, कारण शिवानंदची ओळख त्यांची. चोराला सोनं दिसलं नाही, हे खरं. घरातल्या माणसाला दिसलं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी येसूबाई पीठ मळत असताना फोन वाजला होता. "त्यावर सहा आकडे आले असतील, वाच की," यशवंतराव म्हणाले. त्यांनी वाचले. "कशाचे वो?" "लाईटबिलाचं." त्या सहा आकड्यांवर बारा तोळं तारण गेलं.

"दुसऱ्या नंबरावरनं चालंल का?" यशवंतरावांनी विचारलं.

"नाही चालणार."

"लिहून देतो की सही करून."

"तुम्हीच म्हणालात ना मागं, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे," शिवानंद म्हणाले. तेव्हा यशवंतराव दुसऱ्या गिऱ्हाइकाबद्दल बोलत होते.

यशवंतरावांनी कार्यालयाच्या फोनवरून येसूबाईंना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. नऊ चाळीस झाले.

फोन व्यस्त असण्याचं कारण असं, की येसूबाई त्या वेळी रिक्षात बसून गाळ्याच्या मालकाशी बोलत होत्या. होटगी रोडचा एक गाळा त्यांनी ठरवला होता. लाखाचा विसार दिलेला. राहिलेले साडेआठ लाख अक्षय तृतीयेपर्यंत द्यायचे, नाहीतर विसार बुडणार. शेडचा मालक जूनमध्ये शेड पाडणार होता, तेव्हा गाळा नाही तर धंदा नाही, इतका सरळ हिशेब. सकाळी तव्यापाशी असताना फोनवर इंग्रजी मेसेज आला. एरवी त्या असले मेसेज कंपनीचे म्हणून सोडून देत. पण पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला, आणि मग मुंबईच्या हेड ऑफिसमधून एका मुलीचा फोन आला, "यशवंतरावांना द्या, अर्जंट आहे." "काय काम हाय?" "ते मला तुम्हाला सांगता येत नाही मॅडम." जी गोष्ट बायकोला सांगता येत नाही ती पैशाचीच असणार, एवढं येसूबाईंना चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. त्यांनी तिसरा मेसेज हाताखालच्या बाईच्या शाळकरी मुलीकडून वाचून घेतला. तिला त्यातले दोनच शब्द कळले, 'गोल्ड' आणि 'शॉर्टफॉल', म्हणजे तूट. पुरले.

नऊ पन्नासला त्या कार्यालयाच्या दारात उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत हातांना पीठ, पदर खोचलेला, मुठीत मोबाईल.

"अवो," त्या म्हणाल्या. एवढंच.

यशवंतराव उठून उभे राहिले. "आलीस व्हय? बरं झालं. दे फोन."

"कशाला?"

"जरा एक फोन लावायचाय."

"कुनाला?"

यशवंतरावांनी नाइलाजानं तीन हातांवरच्या बुद्धप्रियेकडं बोट दाखवलं. येसूबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"समोर बसलीय की. बोला तिच्याशी."

"तसं चालत न्हाय हितं."

"मग आदी माज्याशी बोला. मग फोन."

शिवानंद पुढं आले. "अक्का, बसा."

"बसाय आली न्हाय मी. माजं सोनं कुटं हाय?"

बुद्धप्रियेनं शिवानंदकडं बघितलं. दुसऱ्याच्या खात्याची माहिती द्यायची नाही हा नियम तिला पाठ होता. तिनं यशवंतरावांना सरळ विचारलं, "काका, मावशींना सांगू का? खातं तुमचं आहे."

घड्याळात नऊ त्रेपन्न. यशवंतरावांनी मान हलवली. ती होकाराची होती का हार मानल्याची, हे बुद्धप्रियेनं विचारलं नाही.

तिनं सांगितलं. तारण, पाच लॉट, तोटा, साडेदहा. येसूबाई उभ्यानंच ऐकत होत्या. मुठीतला मोबाईल पिठानं पांढरा झाला होता.

"आणि ह्येंचं म्हननं काय?"

"बाराच्या बारा तोळे विकायचे आणि पाच लॉट धरून ठेवायचे."

"धरून ऱ्हात्यात का?"

बुद्धप्रियेनं कॅल्क्युलेटर पुढं ओढला. "दहा लाख चाळीस हजार, त्यात रोख एक चाळीस. अकरा ऐंशी. त्यातनं आत्ताचा चार लाखांचा तोटा गेला, राहिले सात लाख साठ-सत्तर हजार. एका लॉटला दोन लाख पंधरा हजार मार्जिन लागतं. पाच लॉटचे पावणेअकरा लाख. म्हणजे..." तिनं यशवंतरावांकडं बघितलं नाही, "सगळं सोनं विकूनही पाचातले तीनच राहतात. आणि बाजार अजून पडला, तर तेही नाहीत."

यशवंतरावांनी कॅलेंडरावरचा आपला गुणाकार बघितला. भागाकार करायचा राहिला होता.

"सोनं कशाला इकायचं पन? शेअर इका ह्येंचे," येसूबाई म्हणाल्या.

"गिऱ्हाईक नाही, मावशी."

येसूबाईंनी स्वतःशीच मान डोलावली. "व्हय. त्या वर्षी पिठाच्या गिरणीवाल्यानं उभ्या उभ्या पैसे मागितले, तवा घरात ज्वारीची दोन पोती हुती. एक किडकी, एक मालदांडी. किडकी कोन घेतंय? मालदांडीच काढून द्यावी लागली. ती बी पडत्या भावात, कारन सगळ्यांचीच नड हुती." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "तुमी त्या दिवशी मला शानी म्हनला हुता."

शिवानंदना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

कार्यालयाचा फोन वाजला. हेड ऑफिस. शिवानंदनी ऐकलं, "हां सर, क्लायंट इथंच आहे सर," म्हणाले आणि फोन ठेवला. "वीस मिनिटं. नंतर ते त्यांच्या मर्जीनं लॉट कापणार, आणि कमी पडलं तर सोनंही त्यांच्याच मर्जीनं विकणार. किती विकायचं ते आपल्या हातात राहणार नाही."

"आपल्या हातात ऱ्हायलं तर कमीत कमी किती जाईल?" येसूबाईंनी विचारलं.

हा प्रश्न सकाळपासून कार्यालयात कुणीच विचारला नव्हता. यशवंतराव 'जास्तीत जास्त किती वाचेल' हे विचारत होते, आणि रिस्कवाले 'केव्हा' एवढंच.

बुद्धप्रियेनं पडदा बघितला. बाजार किंचित सावरला होता. "पाचही लॉट आत्ता कापले तर तोटा पावणेचार लाखांच्या आसपास. रोख एक चाळीस जातील. कमी पडतात दोन लाख पस्तीस हजार. सोनं... तीन तोळे. खर्चाला थोडे उरतील. नऊ तोळे राहतात, तारणातूनही सोडवता येतात."

"अगं पन बाजार वर आला तर?" यशवंतराव कळवळून म्हणाले. "आजच तळ लागला असंल तर? लोक हसतील मला."

"हसू द्या. त्येंला गाळा घ्यायचा न्हाय."

"चार दिवस, येसू. फक्त चार दिवस."

येसूबाईंनी मोबाईलच्या काचेवरचं पीठ पदरानं पुसलं. हळूहळू, सगळ्या कोपऱ्यांतून. घड्याळात दहा चौदा. नऊ तोळे आजच्या भावानं सात लाख त्र्याऐंशी हजार. गाळ्याला साडेआठ. सदुसष्ट हजार कमी. हा हिशेब त्यांनी मनात केला आणि कुणाला सांगितला नाही. शेवटचा आकडा येताच मात्र त्यांचा हात काचेवर थांबला.

मग त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. "बोला. पाच लॉट कापा, तीन तोळं इका. ह्याच्यापुढं एक शब्द जरी जास्त बोलला, तर मी फोन काढून घेनार."

यशवंतरावांनी नंबर लावला. तीन हातांवर बुद्धप्रियेचा फोन वाजला. तिनं उचलला. दोघं एकमेकांकडं बघत बोलू लागले, आणि येसूबाई मध्ये उभ्या, या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत.

"यशवंत काका, रेकॉर्डिंग चालू आहे. सांगा."

"निफ्टीचे पाच लॉट इका."

"पाचही?"

यशवंतरावांनी बायकोकडं बघितलं. "पाचही."

"आणि?"

"सोन्याचे युनिट. तीन तोळ्याचे."

"नक्की काका?"

"नक्की म्हनलं की गं पोरी!"

बुद्धप्रियेची बोटं चालली. आधी लॉट, मग सोनं. लॉट एकवीस हजार नऊशेच्या आसपास गेले. सोनं अर्ध्या मिनिटात गेलं. पलीकडं कुणीतरी घेणारा होताच. दहा एकवीसला हेड ऑफिसचा फोन पुन्हा वाजला, शिवानंदनी "झालं सर" म्हटलं, आणि कार्यालयात पहिल्यांदाच कुणीतरी मोठा श्वास सोडला. तो कुणाचा होता ते कळलं नाही.

दुपारी बाजार वर आला. बंद होईपर्यंत यशवंतरावांच्या हिशेबानं शहाण्णव हजार रुपयांनी. त्यांनी तो आकडा संध्याकाळी घरी येऊन सांगितला, रात्री जेवताना सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी बाजार आणखी वर गेल्यावर नवा आकडा सांगितला. येसूबाई ऐकून घेत. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पाचावर मोजताय. तीनच ऱ्हात हुते की. आनि त्या तीनासाठी बाराच्या बारा तोळं जात हुते." यशवंतरावांनी तीनावर मोजून बघितलं आणि आकडे सांगणं बंद केलं.

पण येसूबाईंची झोप उडाली होती ती सदुसष्ट हजारांनी. गाळ्याच्या मालकाला मुदत मागावी तर तो विसार गिळायला टपलेला. चार बायकांना काय सांगायचं, हे त्या रोज तव्यापाशी ठरवत आणि रोज सांगायचं राहून जाई. फोनवर सोन्याचा भाव बघायला त्या शिकल्या. पीठ लागलेल्या बोटानं दिवसातून वीस वेळा बघत.

ज्यांना रोख पाहिजे होती त्यांचं विकून झालं, तसं सोनं आपल्या जुन्या वळणावर आलं. त्याच आठवड्यात नव्वदच्या वर गेलं. मग पंच्याण्णव. एक दिवस तर पेपरात लाखाची भाषा आली. यशवंतराव म्हणाले, "थांब अजून. लाखाच्या वर जातंय." येसूबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते चहाची कपबशी घेऊन ओट्यावर गेले.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी, सोमवारी, त्या पुन्हा नवी पेठेत आल्या. विकल्याचे पैसे दुसऱ्या दिवशी मिळतात, हे आता त्यांना ठाऊक होतं. बाहेर सराफांच्या दुकानांवर झेंडूच्या माळा चढत होत्या, गावातलं निम्मं बाईमाणूस सोनं घ्यायच्या तयारीत होतं. यशवंतरावांनी फोन लावला. बुद्धप्रियेनं समोरून उचलला. नऊ तोळे विकले. आठ लाख साठ हजारांच्या जवळपास आले.

"दहा हजार वर ऱ्हायले की गं," येसूबाई म्हणाल्या.

"त्यातनं कर भरायचा आहे, मावशी. तेवढ्यानं भागणार नाही, ते काकांच्या पेन्शनमधनं."

"तेंच्याच." आणि त्यांनी खुर्ची ओढली. "आता नवं खातं उघड. माज्या नावानं. नंबर माजाच. येत्या गुरुपुष्याला एक ग्रॅम."

बुद्धप्रियेनं अर्ज काढला. नाव, पत्ता, बँक. "नॉमिनी कोण लावू?"

येसूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. यशवंतराव कॅलेंडराकडं बघू लागले; तिथं अजून तो गुणाकार होता.

"ह्येंचंच लाव," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर काय खेळायचं ते खेळू दे."

"आणि मोबाईलवर सहा आकडे येतील, ते फक्त तुम्हीच..."

"ते ठाव हाय."

यशवंतरावांना मात्र गेलेले तीन तोळे भरून द्यायचं काम लागलं. तीन तोळ्याचे दोन लाख साठ हजार, भाकरीमागं दोन रुपये, म्हणजे एक लाख तीस हजार भाकरी. दिवसाला सहाशेच्या हिशेबानं दोनशे सतरा दिवस. नव्या गाळ्यात ते सकाळी नऊ वाजता इस्त्रीच्या सदऱ्यात येतात आणि कडक भाकऱ्या मोजून दहा-दहाच्या पाकिटात भरतात. मोजण्यात त्यांचा हात अजूनही धरता येत नाही. परवा, कामाच्या चौथ्या दिवशी, त्यांनी येसूबाईंना सांगितलं, "अगं, रोज सातशे केल्या तर दोनशे सतराचे एकशे शहाऐंशीच दिवस हुतात."

"काय तारण ठिवून?" येसूबाईंनी विचारलं.

ते पुढच्या पाकिटाकडं वळले.